कमजोर रेंजवर व्हिडिओ कॉल तुटतो तेव्हा: आधी कॅमेरा, मग पॅक, मग खिडकी

आधी लक्षणं पाहा. आपला बिघाड नेमका कोणता हे ओळखलं, तर पुढच्या निम्म्या तपासण्यांची गरज पडत नाही.

- समोरचे म्हणतात "तुमचा आवाज तुटतोय", पण तुम्हाला त्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं.
- तुमचं त्यांना नीट ऐकू जातं, पण तुमच्या स्क्रीनवर त्यांचे चेहरे थिजतात किंवा चौकोनाचौकोनांचे होतात.
- आवाज आधी रोबोसारखा होतो, क्षणभर थांबतो आणि मग अडकलेलं अर्धं वाक्य भरभर एकदम ऐकू येतं.
- सकाळचे कॉल ठीक होतात, पण दुपारनंतर नुसतं फिरणारं चक्र दिसतं.
- कॉल अचानक मुका होतो आणि अर्ध्या-एक मिनिटाने आपोआप परत येतो.
- आवाज ठणठणीत असतो, पण पंधरा-वीस मिनिटांनी फोन तापतो आणि चित्र अडखळू लागतं.

शेवटच्या लक्षणाचा रेंजशी संबंध नाही. पार्श्वभूमी धूसर करायची सोय चालू असेल तर फोनच्या प्रोसेसरला प्रत्येक चित्रावर काम करावं लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात फोन आधीच गरम असतो, त्यात तो चार्जिंगला लावलेला असला तर स्वतःला वाचवण्यासाठी मंद होतो. धूसर पार्श्वभूमी बंद करा, चार्जर काढा, कव्हर काढा. तेवढ्याने चित्र सुरळीत झालं तर पुढचं वाचायची गरज नाही.

पहिली तपासणी: स्वतःचा कॅमेरा बंद करा

याला दोन सेकंद लागतात आणि खर्च शून्य. हा उपायही आहे आणि निदानही. कॉल चालू असतानाच आपला कॅमेरा बंद करा आणि समोरच्यांना विचारा, "आता आवाज कसा येतोय?" आवाज लगेच सुधारला, तर बिघाड तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्या बाजूला आहे. कमजोर रेंजमध्ये बहुतेक वेळा हीच बाजू आधी कोलमडते. त्याचं कारण साधं आहे: टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त शक्तीने बोलतो, तर 4G फोनला साधारण ०.२ वॅटपर्यंतच बोलता येतं. त्यामुळे टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतो, पण तुमचा टॉवरपर्यंत पोचताना क्षीण होतो. म्हणूनच यूट्यूब नीट चालत असूनही व्हिडिओ कॉल तुटतो. यूट्यूबला फक्त खाली येणारी बाजू लागते, शिवाय ते पुढचं चित्र आधीच उतरवून ठेवतं. कॉलमध्ये साठवायला काही नसतं, बोलणं त्याच क्षणी जावं लागतं.

कॅमेरा बंद करूनही समोरचे थिजलेलेच दिसत असतील, तर अडचण आत येणाऱ्या बाजूला आहे. मग समोरचा व्हिडिओ थांबवा. झूममध्ये मीटिंग चालू असताना `More` मध्ये `Stop incoming video` मिळतं. मीटमध्ये फोनवर `On-the-Go` निवडलं की तुमचा कॅमेरा आणि समोरची चित्रं दोन्ही बंद होतात, फक्त आवाज उरतो. व्हॉट्सॲपवर दोघांनीही कॅमेरे बंद करायचे. एकाने बंद करून दुसऱ्याचा चालू राहिला तर निम्मंच ओझं उतरतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

कॅमेरा बंद केल्याने इतका फरक का पडतो ते आकड्यांत पाहू. दोघांच्या कॉलमध्ये चांगल्या चित्रासाठी झूम स्वतः ६०० केबीपीएसचा आकडा देते, जाताना तेवढे आणि येताना तेवढे. नुसत्या आवाजाला ६० ते ८० पुरतात. म्हणजे आवाज हे चित्राच्या सात ते दहा पट हलकं ओझं आहे. रस्ता अरुंद असेल तर आधी ट्रक उतरवा, सायकल जाऊ द्या.

दुसरी तपासणी: आजचा डेटा शिल्लक आहे का

"सकाळी ठीक, दुपारनंतर बंद" या लक्षणाचं सर्वात साधं कारण हेच असतं. रोज १.५ किंवा २ जीबीच्या पॅकमध्ये दिवसाचा कोटा संपला की नेट पूर्ण बंद पडत नाही, बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, 4G लिहिलेलं दिसतं, आणि म्हणून लोक टॉवरला दोष देतात. प्रत्यक्षात ६४ मध्ये झूमचा नुसता आवाजसुद्धा धड बसत नाही. महत्त्वाच्या कॉलआधी कंपनीच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. संपली असेल तर त्या दिवसापुरता छोटा डेटा टॉप-अप घ्या. सेटिंगमध्ये चाचपडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

किती शिल्लक लागेल याचा हिशोब असा. ६०० जाताना आणि ६०० येताना, म्हणजे सेकंदाला १२०० किलोबिट. आठने भागलं की १५० किलोबाइट. मिनिटाला ९ एमबी, तासाला ५४० एमबी. नुसता आवाज दोन्ही बाजूंनी ८० धरला तर मिनिटाला १.२ एमबी, तासाला ७२ एमबी. व्हॉट्सॲप आणि मीटचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण अंदाजाला एवढं पुरतं.

तिसरी: मागच्या मागे कोण नेट खातंय

"आवाज थांबतो आणि मग भरभर येतो" हे लक्षण बहुधा रांगेचं असतं. फोन फोटोंचा बॅकअप पाठवत असेल, तर बाहेर जाणाऱ्या अरुंद वाटेवर त्या फोटोंची रांग लागते आणि तुमचा आवाज त्यांच्या मागे उभा राहतो. रांग सरकली की साठलेलं बोलणं एकदम पुढे जातं.

गूगल फोटोजच्या बॅकअप सेटिंगमध्ये मोबाइल डेटावरचा बॅकअप बंद करा. प्ले स्टोअरचे अपडेट फक्त वाय-फायवर ठेवा. व्हॉट्सॲपमध्ये `Storage and data` खाली मोबाइल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा. सकाळी शुभेच्छांच्या व्हिडिओंनी गट भरतात, ते सगळे तुमच्या नकळत उतरत असतात.

लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर असेल तर जास्त काळजी घ्या. विंडोजला ते साधं वाय-फाय वाटतं आणि ते निवांतपणे अपडेट उतरवायला लागतं. त्या वाय-फायच्या गुणधर्मांत `Metered connection` चालू केलं की विंडोज हात आखडता घेतं. अँड्रॉइडचं `Data Saver` मागची ॲप रोखतं, ते कामाचं आहे. मात्र बऱ्याच फोनमध्ये ते चालू असताना हॉटस्पॉट सुरू होत नाही, हे लक्षात ठेवा. आयफोनवर `Mobile Data Options` मध्ये `Low Data Mode` आहे.

चौथी: चित्राचा दर्जा कायमचा खाली आणा

इथपर्यंत कॉल चालू असतानाची मलमपट्टी झाली. रोज त्याच जागेवरून कॉल करायचे असतील, तर दर्जा आधीच खाली ठरवून ठेवलेला बरा. ही ॲप वेग पाहून चित्राचा दर्जा स्वतः वरखाली करतात. रेंज झोके घेत असेल तर ॲपही झोके घेतं: रस्ता मोकळा दिसला की दर्जा वाढवतं, रस्ता तुंबला की घाईघाईने कमी करतं, आणि त्या प्रत्येक तुंबण्यात आवाज तुटतो. वरची मर्यादा आपण घातली की हा खेळ थांबतो.

व्हॉट्सॲपमध्ये `Storage and data` खालीच `Use less data for calls` आहे. ते चालू करा. मीटच्या फोनवरच्या ॲपमध्ये सेटिंगमध्ये `Limit data usage` मिळतं. संगणकावर मीटच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये पाठवायचा आणि घ्यायचा दर्जा वेगवेगळा निवडता येतो. दोन्ही 360p वर आणा. झूममध्ये `HD video` बंद करा.

दहा-बारा जणांच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचे चौकोन एकदम दिसण्याची मांडणी टाळा. बोलणाऱ्या एकालाच मोठं करून बाकीचे बंद ठेवा. कोणी स्क्रीन दाखवत असेल तर स्थिर पान स्वस्त पडतं, पण पान सरकवलं की दर वेळी नवं चित्र यावं लागतं. त्यापेक्षा फाइल आधीच मागवून घ्या आणि "पान चार बघा" असं तोंडी सांगू द्या.

पाचवी: जागा बदला, पण मोजून

काड्या फसव्या असतात, कारण प्रत्येक फोन त्या आपल्या पद्धतीने दाखवतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये `About phone` मध्ये `SIM status` खाली `Signal strength` दिसतं. तो आकडा उणे असतो. -90 च्या आसपास असेल तर चांगलं. -105 ला व्हिडिओ कुरकुरतो. -115 च्या खाली आवाजही भरवशाचा नाही. यात १० चा फरक म्हणजे दहापट शक्ती, त्यामुळे खोलीतून खिडकीपाशी आल्यावर -112 चे -102 झाले तर तो किरकोळ फरक समजू नका.

जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या जाड भिंती सिग्नल गिळतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये पत्रा किंवा धातूचे पॅनल सिग्नल परतवून लावतात. अशा शेडच्या मधोमध उभं राहून कोणतंही सेटिंग उपयोगाचं नाही. दारात या. दारात उभं राहणं शक्य नसेल तर एक फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून त्याचा हॉटस्पॉट करा आणि दुसऱ्या फोनवरून आत बसून बोला. हॉटस्पॉट 2.4 GHz वर ठेवा, तो भिंतीतून जास्त आत येतो. दुसरा फोन नसेल तर वायरचा इअरफोन लावा, म्हणजे फोन खिडकीत राहील आणि तुम्ही सावलीत. फोन हातात घट्ट धरला की अँटेना झाकली जाते. तो उभा टेकवून ठेवा, पण लोखंडी कपाटाला नको.

आकडा -85 असूनही नेट मरगळलेलं असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. पर्वणीला रामकुंडावर किंवा तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला हेच होतं: काड्या भरलेल्या, पण वाटणी हजारोंत. घरोघरी वीज गेल्यावरही वाय-फाय बंद पडून सगळे एकदम मोबाइल डेटावर येतात. यावर तुमच्या फोनमध्ये इलाज नाही. वेळ बदला किंवा फक्त आवाजावर या.

सहावी: 5G आणि दुसरं सिम

कॉल अचानक मुका होऊन परत येत असेल तर ही दोन कारणं तपासा. फोन 5G च्या कडेला असेल तर तो 5G वरून 4G वर आणि परत उड्या मारतो, आणि उडी मारताना क्षणभर धागा सुटतो. 5G चा ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा वेग भरपूर देतो, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो. `Preferred network type` मध्ये 4G निवडा. स्थिर 4G हे डळमळीत 5G पेक्षा कॉलसाठी केव्हाही बरं.

दुसरं कारण दुसरं सिम. बहुतेक दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही सिम एकाच वेळी बोलू शकत नाहीत. डेटा पहिल्या सिमवर असेल आणि दुसऱ्यावर फोन आला, तर तेवढा वेळ डेटा थांबतो. मीटिंगपुरतं दुसरं सिम सेटिंगमधून बंद करा. डेटा असलेल्या सिमवर VoLTE, म्हणजे साधा फोनही 4G वरूनच करायची सोय, चालू आहे का तेही बघा. नाहीतर त्याच सिमवर फोन आला की फोन 4G सोडून जुन्या नेटवर्कवर जातो आणि नेट तुटतं.

एक उदाहरण, आकड्यांसह

दिंडोरी तालुक्यातला द्राक्षबागायतदार पानावरचे डाग सल्लागाराला व्हिडिओ कॉलवर दाखवतोय असं समजा. बागेत आकडा -110, दिवसाचा शिल्लक डेटा ३०० एमबी, कॉल चाळीस मिनिटांचा. व्हिडिओ पूर्ण वेळ चालू ठेवला तर ३६० एमबीपर्यंत लागतील, म्हणजे कॉल संपायच्या आतच पॅक संपू शकेल आणि सगळं ६४ केबीपीएसवर येईल. पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. कमजोर रेंजमध्ये 360p पर्यंत घसरलेल्या, हलत्या चित्रात डाऊनी रोगाचा तेलकट डाग आणि नुसता पिवळेपणा यांत फरक दिसत नाही. सल्लागार "जरा जवळ धरा" म्हणत राहतो, पान कॅमेऱ्याच्या फोकसबाहेर जातं, आणि डेटा जातो तो जातोच.

इथे व्हिडिओचा हट्ट सोडलेला बरा. कॉल फक्त आवाजावर ठेवायचा. पानाचा वरून एक, खालच्या बाजूने एक असे सावलीतले स्थिर फोटो काढायचे. डाऊनीची पांढरी वाढ पानाच्या खालच्या बाजूलाच दिसते, त्यामुळे खालचा फोटो हवाच. तसाच एक घडाचा आणि एक पूर्ण वेलीचा. साध्या दर्जाचा फोटो साधारण ३०० केबी धरा, म्हणजे २४०० किलोबिट. बाहेर जाणारा वेग १५० केबीपीएस असेल आणि त्यातले ८० आवाज घेत असेल, तर एका फोटोला साधारण ३५ सेकंद लागतात. त्या वेळात आवाज अडखळू शकतो, म्हणून आधी सांगायचं, "फोटो पाठवतोय, थोडं थांबा." चारही एकदम न सोडता एकेक पाठवायचे. बागेची एकूण अवस्था दाखवायला शेवटची पाच मिनिटं, तीही बांधावरच्या उंचवट्यावरून, व्हिडिओ चालू करायचा.

हिशोब: ३५ मिनिटं आवाज म्हणजे ४२ एमबी, ५ मिनिटं व्हिडिओ म्हणजे ४५, चार फोटो सव्वा एमबी. एकूण ९० च्या आत. आणि फोटोत डाग व्हिडिओपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतो.

सातवी: पिंग लावून बघा

वरचं सगळं करूनही तुटत असेल तर मोजमाप करा. स्पीड टेस्टवर विसंबू नका. ती काही सेकंद पूर्ण जोर लावून सर्वात मोठा वेग दाखवते, आणि स्वतःच बराच डेटा खाते. कॉलला मोठा वेग नको, अखंड धागा हवा. पिंग म्हणजे दूरच्या सर्व्हरला छोटे निरोप पाठवून उत्तर येतं का आणि किती वेळात येतं ते मोजणं. लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाका:

```
ping -n 60 8.8.8.8
```

मिनिटभरात साठ ओळी येतील. शेवटी `Lost` किती टक्के ते बघा. शून्य-एक टक्का असेल तर धागा ठीक आहे. तीन-चार टक्क्यांपासून आवाजाला खरचटतं, दहाच्या पुढे व्हिडिओ विसरा. `time` चे आकडे साधारण सारखे हवेत. ६०, ७०, ६५ आणि मधेच ९०० असं दिसलं, तर तिसऱ्या तपासणीतली रांग किंवा टॉवरची गर्दी आहे. हेच मोजमाप सकाळी सात आणि रात्री नऊला करा. सकाळी स्वच्छ आणि रात्री खराब असेल तर गर्दी, दोन्ही वेळा खराब असेल तर रेंज किंवा फोन.

कुठे थांबायचं

त्याच जागेवर, त्याच कंपनीचं सिम असलेला दुसरा फोन ठेवून बघा. दुसऱ्या फोनचा आकडा तुमच्यापेक्षा दहा-पंधराने चांगला असेल तर आधी सिमची अदलाबदल करा. बिघाड सिमबरोबर सरकला तर कंपनीच्या गॅलरीतून सिम बदलून घ्या. बदलल्यावर काही काळ एसएमएस बंद राहतात, त्यामुळे बँकेचं काम आधी उरका. बिघाड फोनबरोबरच राहिला, विशेषतः फोन पडल्यावर किंवा स्क्रीन बदलल्यावर सुरू झाला असेल, तर आतली अँटेनाची जोडणी सैल झालेली असू शकते. तो फोन घरी उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या आणि "रेंज कमी येते" एवढं न म्हणता दोन्ही आकडे सांगा.

दोन्ही फोनवर सारखंच वाईट असेल तर तो कंपनीचा प्रश्न आहे. १९८ वर तक्रार नोंदवा, जागा, वेळ आणि आकडा सांगा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. उत्तर समाधानकारक नसेल तर ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. नंबर दुसऱ्या कंपनीत नेण्याआधी त्या कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याचा फोन तुमच्या नेमक्या खोलीत ठेवून पिंग लावा. नकाशावरची रंगीत रेंज तुमच्या भिंतींना ओळखत नाही.

बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारा सिग्नल बूस्टर विकत घेऊन गच्चीवर लावू नका. परवानगीशिवाय तो लावणं बेकायदेशीर आहे आणि तो आजूबाजूच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडवतो.

आणि मुलाखत, डॉक्टरांचा सल्ला किंवा सुनावणी अशी वेळ असेल, तर बिघाड शोधत बसू नका. साधा फोन लावा. VoLTE च्या साध्या कॉलला नेटवर्क वेगळी, राखीव वाट देतं. तो तुमच्या डेटाच्या रांगेत उभा राहत नाही, दिवसाचा कोटा संपला तरी चालतो, आणि जिथे व्हिडिओ हात टेकतो तिथे तो बहुधा पोचतो. मीटिंगच्या निमंत्रणात फोनने जोडायचा नंबर दिलेला असेल तर तो आधीच कागदावर उतरवून ठेवा.